दूध बिल उशिरा होणार असल्याची सूचना: मसुदा तपासून पक्का कसा करावा

गावच्या प्राथमिक दूध संस्थेत नव्याने सचिव झालेल्या व्यक्तीला पहिल्या वर्षभरात एक अवघड कागद हमखास लिहावा लागतो, तो म्हणजे दूध बिल ठरलेल्या दिवशी होणार नाही हे उत्पादकांना कळवणारी सूचना. बहुतेक सचिव जुन्या फाईलमधली एखादी सूचना काढून तारीख बदलतात आणि फलकावर लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या संकलनाला काट्याजवळ तोच प्रश्न चाळीस जण विचारतात, कारण सूचनेत उत्तर नसते. हा लेख अशा सूचनेचा मसुदा दुरुस्त करण्याविषयी आहे. त्यासाठी दहा दिवसांचे बिल देणाऱ्या आणि तालुका किंवा जिल्हा संघाला दूध घालणाऱ्या एका संस्थेचे कल्पित उदाहरण घेतले आहे. या संस्थेची नेहमीची पद्धत अशी: १ ते १० तारखेचे बिल १५ तारखेला, ११ ते २० चे २५ तारखेला आणि २१ ते महिनाअखेरचे बिल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला खात्यावर जमा होते.

सचिवाने लिहिलेला पहिला मसुदा असा होता:

> सर्व सभासदांना कळविण्यात येते की, काही तांत्रिक व अपरिहार्य कारणास्तव १५ तारखेचे दूध बिल वेळेत अदा करता येणार नाही. तरी सदरचे बिल टप्प्याटप्प्याने लवकरात लवकर अदा करण्यात येईल, याची सर्व सभासदांनी नोंद घेऊन संस्थेस सहकार्य करावे. आदेशावरून.

या मसुद्यात व्याकरणाची चूक नाही आणि भाषाही नेहमीच्या कार्यालयीन वळणाची आहे. तरी तो फलकावर लावण्याजोगा नाही. ज्याला शनिवारी पेंडीचे पोते आणायचे आहे किंवा पतसंस्थेचा हप्ता भरायचा आहे, त्याला या चार ओळींतून काहीच ठरवता येत नाही. भाषेला हात लावण्याआधी मजकुरात काय नाही हे शोधावे लागते, आणि जे नाही ते बहुधा सचिवालाही अजून नीट माहीत नसते.

लिहिण्याआधी: कारण आणि तारखा कागदावर मिळवा

पहिले काम संघाकडे जाण्याचे आहे. उशीर संघाकडून येणाऱ्या रकमेमुळे होत असेल, तर किती रक्कम कोणत्या तारखेला येणार हे संघाकडून लेखी घ्यावे. फोनवर सांगितलेली तारीख सूचनेत लिहू नये. ती चुकली की फोन कोणी केला होता यावर वाद सुरू होतो आणि उत्पादकाच्या दृष्टीने शब्द संस्थेचाच मोडलेला असतो. आपल्या उदाहरणात संघाचे १२ जानेवारीचे पत्र आले. त्यात १ ते १० जानेवारीच्या दुधाची ६० टक्के रक्कम १६ जानेवारीला आणि उरलेली ४० टक्के २७ जानेवारीला संस्थेकडे पाठवू, असे नमूद होते. त्यापुढच्या दोन बिलांच्या तारखाही पत्रात होत्या.

कारणही याच वेळी समजून घ्यावे. हिवाळा हा दुधाचा पुष्टकाळ असतो. वैरण मुबलक असते, बरीच जनावरे नुकतीच व्यालेली असतात आणि संकलन वाढते, पण शहरातली पिशवीबंद दुधाची विक्री त्या प्रमाणात वाढत नाही. पिशवीतून विकलेल्या दुधाचे पैसे संघाला काही दिवसांत मिळतात. जे दूध उरते त्याची भुकटी आणि लोणी करावे लागते, आणि तो माल विकला जाईपर्यंत त्यात गुंतलेली रक्कम गोदामात पडून राहते. ही साखळी उत्पादकाला कळण्यासारखी आहे, कारण आपल्या गोठ्यात दूध वाढलेले त्याने स्वतः पाहिलेले असते. म्हणून ‘तांत्रिक कारण’ असे लिहून ती झाकण्याची गरज नाही. तांत्रिक हा शब्द वाचला की लोकांना वजनकाटा, फॅट मोजण्याचे यंत्र किंवा संगणकातली नोंद आठवते, आणि आपले दूध चुकीचे मोजले गेले की काय, अशी नसलेली शंका उभी राहते.

कारण लिहिताना बँकेवर भार टाकण्याची सवय विशेष जपून तपासावी. ‘बँकेला सुट्टी असल्याने’ हे वाक्य कधी खरे असते, कधी नसते. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटीची सेवा सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास चालते, त्यामुळे जी संस्था स्वतः ऑनलाइन रक्कम पाठवते तिला रविवारचे कारण फारसे देता येत नाही. मात्र अनेक संस्था खात्यांची यादी आणि धनादेश जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या शाखेत नेऊन देतात आणि शाखा ती यादी खात्यांवर चढवते. तिथे शाखा बंद म्हणजे काम बंद. आपली संस्था यांपैकी कोणत्या पद्धतीने पैसे पाठवते हे पाहूनच सुट्टीचा उल्लेख करावा.

आपली संस्था शाखेत यादी देणारी आहे असे धरू. तिच्या सचिवाने दुसऱ्या हप्त्यासाठी आधी २६ जानेवारी ही तारीख मनात धरली होती. दिनदर्शिका उघडल्यावर दिसले की २४ तारखेला चौथा शनिवार, २५ ला रविवार आणि २६ ला प्रजासत्ताक दिन आहे, म्हणजे सलग तीन दिवस शाखा बंद. संघाची रक्कम २७ ला येणार आणि यादी चढवायला कामाचे दोन दिवस लागणार, म्हणून खरी तारीख २९ जानेवारी ठरली. पहिल्या हप्त्याची रक्कम १६ ला येणार आणि १८ ला रविवार, म्हणून त्याच हिशेबाने त्याची तारीख १९ जानेवारी आली. वेळापत्रक पूर्ववत होण्याच्या १५ फेब्रुवारीचेही असेच झाले. तो रविवार निघाला, म्हणून १६ तारीख धरावी लागली. प्रत्येक तारखेपुढे वार लिहिण्याचा नियम मी यासाठीच आग्रहाने सांगतो. वाचणाऱ्याची सोय होतेच, शिवाय लिहिणाऱ्याची चूक फलकावर जाण्याआधी सापडते.

यानंतर व्यवस्थापक समितीची तातडीची सभा घेऊन वेळापत्रकाचा ठराव करून घ्यावा. ठरावाविना लावलेली सूचना ही सचिवाची वैयक्तिक हमी ठरते. ठरावात तारखांइतकीच महत्त्वाची आणखी एक बाब हवी, आणि बहुतेक मसुद्यांत नेमकी तीच राहून जाते.

कपातीचे काय, हे ठरवल्याशिवाय मसुदा पूर्ण होत नाही

दूध बिलातून पशुखाद्याची उधारी, उचल, कर्जाचा हप्ता अशा रकमा कापल्या जातात. बिल दोन हप्त्यांत येणार असेल तर कपात कोणत्या हप्त्यातून होणार, यावर उत्पादकाच्या हातात पडणारी रक्कम अवलंबून असते. सूचनेत ‘६० टक्के’ एवढेच लिहिले, तर तो आपल्या मनाशी एक आकडा धरतो आणि खात्यावर दुसराच दिसतो.

एका उत्पादकाचे १ ते १० जानेवारीचे एकूण बिल २,८०० रुपये आहे आणि पशुखाद्याच्या उधारीचे ७०० रुपये कापायचे आहेत, असे समजा. साठ टक्के म्हणजे १,६८० रुपये आणि उरलेले चाळीस टक्के म्हणजे १,१२० रुपये. सगळी कपात पहिल्या हप्त्यातून केली तर १९ तारखेला त्याला ९८० रुपये मिळतात आणि २९ तारखेला १,१२०. कपात दुसऱ्या हप्त्यातून केली तर आधी १,६८० आणि नंतर ४२०. दोन्हींची बेरीज २,१०० रुपयेच होते, पण उशिराच्या आठवड्यात हातात असलेल्या रकमेत ७०० रुपयांचा फरक पडतो. माझ्या मते जिथे शक्य असेल तिथे कपात दुसऱ्या हप्त्यातून करावी, कारण उशीर संस्थेच्या बाजूने झालेला आहे आणि त्याच आठवड्यात संस्थेने आपली येणी आधी वसूल करणे न्याय्य दिसत नाही. याला एक मर्यादा आहे. संघ पशुखाद्याची रक्कम संस्थेच्या बिलातून आधीच वळती करून घेत असेल, तर ती पुढे ढकलण्याएवढे पैसे संस्थेकडे नसू शकतात. तसे असेल तर पहिल्याच हप्त्यातून कपात होईल हे सूचनेत उघड लिहावे.

ज्याची कपात चाळीस टक्क्यांहून मोठी आहे त्याचे काय, हेही सभेतच विचारावे. आपल्या उदाहरणात समितीने ठरवले की दुसऱ्या हप्त्यात न मावणारी कपात पुढच्या बिलात घ्यायची.

आता मसुद्याची भाषा

पहिला मसुदा पुन्हा समोर घ्या. ‘१५ तारखेचे दूध बिल’ या शब्दांचे दोन अर्थ होतात, १५ तारखेला मिळायचे बिल किंवा १५ तारखेपर्यंतच्या दुधाचे बिल. संस्थेत बसणाऱ्याला पहिला अर्थ सरळ वाटतो, पण किटली घेऊन रांगेत उभ्या असलेल्याला तसे वाटेलच असे नाही. म्हणून बिल नेहमी दुधाच्या तारखांनी ओळखावे, ‘१ ते १० जानेवारी या दिवसांत घातलेल्या दुधाचे बिल’. आणि पैसे मिळण्याच्या दिवसासाठी ‘जमा होण्याची तारीख’ हा शब्दप्रयोग शेवटपर्यंत तसाच ठेवावा. एकदा ‘जमा’, मग ‘अदा’, मग ‘वितरित’ असे शब्द बदलत गेले की या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत असे वाटू लागते.

‘सभासदांना’ या शब्दातही अडचण आहे. संस्थेला दूध घालणारा प्रत्येक जण भागधारक सभासद असतोच असे नाही. सूचना केवळ सभासदांना उद्देशून असेल, तर बिगरसभासद उत्पादकाला आपल्या बिलाचे वेगळे काही आहे की काय, असा प्रश्न पडतो. ‘सर्व दूध उत्पादक बंधू-भगिनींना’ असे लिहिले की कोणी वगळले जात नाही. भगिनी हा शब्द केवळ रीत म्हणून ठेवायचा नाही, कारण अनेक घरांत धारा काढणे आणि दूध केंद्रावर घालणे ही कामे बायकाच करतात आणि फलकासमोर त्याच उभ्या असतात.

‘अदा करण्यात येईल’ या रचनेत पैसे कोण देणार ते दिसत नाही. ‘संस्था खात्यावर जमा करील’ असे लिहिताच जबाबदारी ठरते. तरीही सगळी जबाबदारी संस्थेच्या हातात नाही, आणि इथे वाक्य फार काळजीने बांधावे लागते. संघाकडून रक्कम येणे हे संस्थेच्या हातात नाही, मात्र रक्कम आल्यावर दोन कामाच्या दिवसांत ती खात्यांवर चढवणे संस्थेच्या हातात आहे. या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळल्या तर एक तर खोटी हमी दिली जाते किंवा ‘रक्कम प्राप्त झाल्यास’ अशा अटीने सगळेच वाक्य पोकळ होते. त्यांची दोन वाक्ये करावीत. तारीख ठामपणे लिहावी, ती संघाच्या कोणत्या पत्रावर आधारलेली आहे ते सांगावे, आणि तारीख चुकण्याचा संभव दिसल्यास संस्था काय करील तेही लिहावे.

‘लवकरात लवकर’ आणि ‘टप्प्याटप्प्याने’ हे शब्द काढून त्यांच्या जागी तारखा येतात. ‘सहकार्य करावे’ हे मी सरसकट काढून टाकतो, कारण उत्पादक दोन वेळा दूध घालतो आहे आणि पैशांसाठी थांबतोही आहे. त्याच्याकडून आणखी कोणते सहकार्य हवे ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. दिलगिरी मात्र असावी, एका वाक्यात आणि तारखांच्या नंतर. ती सुरुवातीला घातली तर वाचणाऱ्याला मुख्य गोष्टीपर्यंत पोहोचायला उशीर होतो.

दराविषयीही एक वाक्य लागते. बिल लांबले की दर कमी होणार अशी चर्चा गावात सुरू होते. दर बदललेला नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. बदल होणार असेल किंवा विचाराधीन असेल, तर ‘बदल नाही’ असे लिहून वेळ मारून नेऊ नये. गाईच्या दुधाच्या शासकीय अनुदानाचा विषयही वेगळा ठेवावा. राज्य शासनाने २०२४ मध्ये लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान जाहीर केले तेव्हा ते उत्पादकाच्या बँक खात्यात थेट जमा होणार होते, आणि तेव्हापासून अनेकांच्या मनात बिल आणि अनुदान यांची सरमिसळ होते. अनुदानाची एखादी रक्कम येणे बाकी असेल तर त्यासाठी स्वतंत्र सूचना काढावी.

दुरुस्त झालेली सूचना

> जावक क्र. … दिनांक: १३ जानेवारी, मंगळवार
>
> विषय: दूध बिल जमा होण्याच्या बदललेल्या तारखा
>
> सर्व दूध उत्पादक बंधू-भगिनींना,
>
> १ ते १० जानेवारी या दिवसांत घातलेल्या दुधाचे बिल १५ जानेवारीला जमा होणार नाही. ते दोन हप्त्यांत जमा होईल. ६० टक्के रक्कम १९ जानेवारी, सोमवारी आणि उरलेली ४० टक्के रक्कम २९ जानेवारी, गुरुवारी संस्था आपल्या खात्यावर जमा करील.
>
> पशुखाद्य, उचल व इतर कपात पहिल्या हप्त्यातून होणार नाही. ती दुसऱ्या हप्त्यातून होईल. त्यात न बसणारी कपात पुढच्या बिलातून घेतली जाईल.
>
> पुढील बिले अशी जमा होतील: ११ ते २० जानेवारीचे पूर्ण बिल ३ फेब्रुवारी, मंगळवारी. २१ ते ३१ जानेवारीचे पूर्ण बिल १० फेब्रुवारी, मंगळवारी. १ ते १० फेब्रुवारीचे बिल १५ तारखेला रविवार असल्यामुळे १६ फेब्रुवारी, सोमवारी. त्यानंतर नेहमीच्या तारखा लागू होतील.
>
> उशिराचे कारण: हिवाळ्यात दूध वाढल्यामुळे संघाकडे विक्रीपेक्षा जास्त दूध येत आहे. त्या दुधाची भुकटी व लोणी करावे लागत असून त्यात संघाची रक्कम गुंतली आहे. त्यामुळे संघाकडून संस्थेला येणारी रक्कम उशिरा येणार आहे. वरील तारखा संघाच्या १२ जानेवारीच्या पत्रावरून ठरवल्या आहेत. ते पत्र संस्थेच्या कार्यालयात पाहता येईल.
>
> दूध दरात बदल झालेला नाही.
>
> एखादी तारीख पुढे जाण्याची शक्यता दिसल्यास त्या तारखेच्या आदल्या दिवशी सायंकाळच्या संकलनापूर्वी संस्था फलकावर तसे कळवील.
>
> झालेल्या गैरसोयीबद्दल संस्था दिलगीर आहे. बिलाविषयी शंका असल्यास सकाळचे संकलन संपल्यावर सचिवांना कार्यालयात भेटावे.
>
> व्यवस्थापक समिती ठराव क्र. …, दिनांक १२ जानेवारी
>
> चेअरमन / सचिव (सही व शिक्का)

ही सूचना पहिल्या मसुद्यापेक्षा कितीतरी लांब आहे. लांबीबद्दल आक्षेप आला तर कारणाचा परिच्छेद थोडा छाटता येईल, पण तारखा आणि कपात यांना हात लावू नये. क्रमही महत्त्वाचा आहे. उत्पादकाचा पहिला प्रश्न कधी आणि किती हा असतो, का हा नंतरचा, म्हणून कारण तारखांच्या खाली गेले आहे. जुन्या वळणाचे सचिव आधी कारण लिहितात, आणि पैशांची तारीख पत्राच्या शेवटी, सहीच्या जरा वर सापडते.

फलकावर लावण्यापूर्वी आणि नंतर

सूचना टंकलिखित झाली की ज्याने मसुदा पाहिलेला नाही अशा एका उत्पादकाला ती मोठ्याने वाचून दाखवावी. मग त्यालाच विचारावे की तुमच्या खात्यावर पुढचे पैसे कोणत्या दिवशी आणि साधारण किती येतील. त्याने अडखळत उत्तर दिले किंवा ‘म्हणजे कपात धरून का?’ असे विचारले, तर त्या जागचे वाक्य पुन्हा लिहावे. वाचून दाखवण्याला आणखी एक अर्थ आहे. संकलनाच्या वेळी अनेकांना सूचना दुसऱ्याकडून ऐकूनच कळते, त्यामुळे कानाला न समजणारे वाक्य निम्म्या गावापर्यंत पोहोचत नाही.

सूचना १५ तारखेच्या आधी, शक्यतो दोन दिवस आधी लागली पाहिजे. बिलाचा दिवस उलटून गेल्यावर लावलेली सूचना कितीही नीट लिहिलेली असली तरी खुलाशासारखी वाचली जाते. व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवताना सही-शिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र आणि तोच मजकूर टाइप करून, असे दोन्ही पाठवावे. पुढे जुने छायाचित्रच फिरत राहते आणि गोंधळ होतो, म्हणून जावक क्रमांक आणि तारीख कागदाच्या अगदी वर असावी. तारीख बदलावी लागली तर जुन्या कागदावर खाडाखोड करू नये. नवी सूचना काढावी, तिच्या पहिल्या ओळीत कोणत्या जावक क्रमांकाची सूचना रद्द झाली ते लिहावे आणि जुना कागद फलकावरून काढावा.

१९ तारखेला यादी शाखेत चढल्यावर काही खात्यांची रक्कम परत येते. खाते बंद असते, बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदललेला असतो किंवा नावात फरक असतो. अशा उत्पादकांची यादी लावताना फक्त उत्पादक क्रमांक लिहावेत, नाव, खाते क्रमांक आणि रक्कम लिहू नये. कोणाचे बिल किती आणि कोणाची उधारी किती हे फलकावर मांडण्याचा विषय नाही. त्याच दिवशी सायंकाळी फलकावर एवढे लिहावे: ‘१ ते १० जानेवारीच्या बिलाचा पहिला हप्ता आज जमा केला आहे. फलकावरील यादीत ज्यांचा उत्पादक क्रमांक आहे त्यांनी पासबुक घेऊन कार्यालयात यावे. दुसरा हप्ता २९ जानेवारी, गुरुवारी.’

आणि १८ तारखेपर्यंत संघाची रक्कम आलीच नाही, तर सूचनेत दिलेल्या शब्दाप्रमाणे त्याच सायंकाळी, दूध यायला सुरुवात होण्यापूर्वी, फलकावर कागद लागला पाहिजे. संघाकडून नवी तारीख मिळालेली नसेल तर तसेच लिहावे आणि पुढची माहिती कोणत्या दिवशी देणार ते सांगावे: ‘संघाकडून रक्कम अद्याप आलेली नाही, म्हणून उद्या, १९ जानेवारीला, पहिला हप्ता जमा होणार नाही. संघाकडून नवी तारीख घेऊन ती २० जानेवारी, मंगळवारी सकाळच्या संकलनापूर्वी येथे लावू.’